एक्स्क्लुझिव्ह डिस्ट्रिब्युटर नेमताना: टार्गेट, एरिया आणि करार संपवण्याची कलमं

दिवाळी उलटली की नागपुरातल्या कूलरवाल्या कारखान्यांकडे डिस्ट्रिब्युटर मंडळींच्या फेऱ्या सुरू होतात. पत्रा, मोटरी, पंप घेण्यासाठी पैसा लागतो आणि विक्री तर अजून तीन महिने लांब असते. अशा वेळी कोणी म्हणालं, "अमरावती विभाग पूर्ण मला द्या, तिथं दुसऱ्या कोणालाच माल द्यायचा नाही, हे घ्या पाच लाख डिपॉझिट", तर छोट्या कारखानदाराला हायसं वाटणं साहजिक आहे. सोबत चार-पाच पानांचा करारही तयार असतो, आणि तो बहुतेक वेळा समोरच्याच्या वकिलाने लिहिलेला असतो.

त्या करारात कारखानदार काय देतोय ते आधी बघू. तो पाच जिल्ह्यांचा बाजार एका माणसाच्या हवाली करतोय. त्या माणसाने माल उचलला नाही, तरी कारखानदाराला तिथं दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. या बंधनाच्या बदल्यात त्याला एकच ठोस गोष्ट मिळते, ती म्हणजे कमीत कमी इतका माल उचलण्याची हमी. म्हणून टार्गेट, एरिया आणि करार संपवणं ही तीन कलमं वेगवेगळी वाचून चालत नाही. एरियाच्या कलमाने तुम्ही काय बांधून दिलं ते ठरतं, टार्गेटच्या कलमाने त्याची किंमत ठरते, आणि ती किंमत मिळाली नाही तर बाजार परत कसा घ्यायचा हे तिसरं कलम सांगतं.

समजण्यासाठी एक काल्पनिक कारखाना घेऊ. हिंगणा एमआयडीसीत दोन भागीदार पत्र्याच्या बॉडीचे कूलर बनवतात, वर्षाला सुमारे ५,००० नग. कारखान्यातून निघताना सरासरी भाव जीएसटी सोडून ६,००० रुपये. अमरावती विभागात, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा या पाच जिल्ह्यांत, त्यांचा १,१०० नगांचा माल आज थेट डीलरांकडे जातो. आता एक डिस्ट्रिब्युटर हा सगळा विभाग पाच वर्षांसाठी मागतोय आणि करारात लिहिलंय: "वितरक दरवर्षी १,५०० कूलर विकण्याचा पुरेपूर प्रयत्न करेल."

"प्रयत्न करेल" म्हणजे काहीच नाही

या वाक्यात १,५०० हा आकडा दिसतो म्हणून भागीदार खूश होतात. पण वर्षाखेर ४०० च नग गेले आणि डिस्ट्रिब्युटर म्हणाला, "मी प्रयत्न केला, बाजारच नव्हता", तर त्याने करार मोडला हे सिद्ध करणं फार अवघड. वाक्य असं हवं: "वितरक करारवर्षात किमान १,५०० नग खरेदी करेल." विकेल नव्हे, खरेदी करेल. त्याने पुढे कोणाला किती विकले ते त्याच्या वहीत असतं, तुमच्याकडून किती घेतले ते तुमच्या बिलात असतं. मोजमाप आपल्या हातातल्या कागदावर व्हावं.

आकडा नगांत ठेवा, रुपयांत नको. पत्रा आणि तांबं महागलं की कूलरचा भाव वाढतो, आणि रुपयांतलं टार्गेट कमी माल उचलूनही पुरं होतं. पण नुसते नग लिहिले तर कोणी छोटे स्वस्त कूलर उचलूनच संख्या भरेल. त्यासाठी "यातले किमान ६०० नग मोठ्या मॉडेलचे" अशी एक ओळ पुरते. आणि मुळात आकडा ठरवताना आज तुम्ही स्वतः त्या भागात किती विकता ते बघा. इथे १,१०० नग आधीच जात आहेत. त्याहून कमी टार्गेटवर एक्स्क्लुझिव्ह देणं म्हणजे मार्जिनही द्यायचं आणि विक्रीही कमी करून घ्यायची.

वर्ष कधी सुरू होतं?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि करारांत तोच सर्रास सुटलेला दिसतो. टार्गेट "आर्थिक वर्षात" म्हणून लिहिलं जातं, एक एप्रिल ते एकतीस मार्च. कूलरच्या धंद्यात ही तारीख सीझनच्या मधोमध येते. विक्री मार्चमध्ये चढते, एप्रिल-मेमध्ये कळसाला जाते आणि मृगाचा पाऊस पडला की संपते. आर्थिक वर्ष धरलं तर डिस्ट्रिब्युटरने एप्रिल-मे वाया घालवला तरी तुम्हाला पुढच्या एकतीस मार्चपर्यंत काही बोलता येत नाही, कारण तोपर्यंत त्याची मुदत चालूच असते. तो म्हणेल, "वर्ष कुठं संपलंय अजून?" आणि करारानुसार त्याचं म्हणणं बरोबर असेल.

म्हणून करारवर्ष एक ऑक्टोबर ते तीस सप्टेंबर धरावं. एक पूर्ण सीझन एका वर्षात बसतो. त्या वर्षाच्या आतही टप्पे हवेत, कारण वर्षाखेर कळून उपयोग नाही. आपल्या उदाहरणात टप्पे असे घेऊ: एकतीस जानेवारीपर्यंत एकूण २५० नग, एकतीस मार्चपर्यंत एकूण ८००, पंधरा मेपर्यंत १,३५० आणि तीस सप्टेंबरपर्यंत १,५००. यातला एकतीस मार्चचा टप्पा खरा. तिथे गडबड कळली तर एप्रिल आणि मे हे दोन महिने हातात उरतात, आणि जुन्या डीलरांना फोन करून माल लावता येतो. पहिलाच टप्पा पंधरा मे ठेवला तर कळूनही करण्यासारखं फार उरत नाही.

प्रत्येक टप्प्यावर काय मोजायचं तेही लिहावं लागतं. नोंदवलेली ऑर्डर मोजायची नाही, गाडीत भरून गेलेला माल मोजायचा. त्यातून परत आलेला माल वजा. उधारीची मुदत उलटूनही पैसे न आलेला माल वजा. आणि टप्प्याच्या शेवटच्या आठवड्यात उचललेला माल रोखीने घेतला असेल तरच धरायचा. ही शेवटची अट कशासाठी? एकोणतीस मार्चला तीनशे कूलर उधारीवर उचलायचे, टप्पा पार करायचा आणि जूनमध्ये त्यातले दोनशे "विकले गेले नाहीत" म्हणून परत पाठवायचे, हा प्रकार सीझनच्या धंद्यात होतो. ओळखायचा कसा? दर महिन्याला डिस्ट्रिब्युटरच्या गोदामातला शिल्लक माल लिहून मागा. उचल वाढत असताना शिल्लकही त्याच वेगाने वाढत असेल, तर माल दुकानापर्यंत पोचतच नाहीये.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनेही एक गोष्ट न्याय्य आहे. त्याने ऑर्डर दिली आणि तुम्हीच माल देऊ शकला नाहीत, तर तेवढे नग त्याच्या टार्गेटमधून कमी व्हायला हवेत. फक्त ऑर्डर ठरलेल्या ईमेलवर आणि किमान बारा दिवस आधी आलेली असावी, नाहीतर टप्पा चुकल्यावर "मी फोनवर मागितले होते" सुरू होतं. अवकाळी पावसाचं काय? विदर्भात एप्रिलमध्ये गारपीट होते, आठवडाभर कूलर हलत नाहीत, हे खरं आहे. पण हवामान हे टार्गेट माफ करण्याचं कारण म्हणून लिहिलं तर दरवर्षी एखादा पाऊस सापडेल. त्यापेक्षा परिणाम लागू होण्याची रेषा टार्गेटच्या ७५ टक्क्यांवर ठेवा आणि पावसाचा धोका त्या २५ टक्क्यांत धरा. २०२० सारखं सरकारी आदेशाने बाजारच बंद होणं मात्र वेगळं. तिथे बंद दिवसांच्या प्रमाणात टार्गेट कमी करावं.

टार्गेट चुकलं तर काय?

बऱ्याच करारांत इथे दंड असतो: "कमी पडलेल्या प्रत्येक नगामागे २,००० रुपये", किंवा "डिपॉझिट जप्त". वाचायला हे जरबेचं वाटतं, पण यावर विसंबू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा ठरते; प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते. डिपॉझिट जप्त करण्यालाही हेच लागू पडतं. २०१५ च्या कैलाश नाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नुकसानच झालं नसेल तर ठेवलेली रक्कम खिशात घालता येत नाही. म्हणजे दंड वसूल करायला आधी भांडावं लागणार, आणि तोवर दोन सीझन निघून जाणार.

त्याऐवजी असा परिणाम लिहा ज्याला कोर्टाची गरज पडत नाही: एक्स्क्लुझिव्ह हक्क आपोआप संपतो, करार मात्र चालू राहतो. साध्या मराठीत कलम असं होईल:

"कोणत्याही टप्प्यावर मोजलेली खरेदी त्या टप्प्याच्या टार्गेटच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास उत्पादक ईमेलने तसं कळवेल. कळवल्यापासून सात दिवसांत वितरकाने ती तूट थकबाकी भरून किंवा रोखीने माल उचलून भरून काढली नाही, तर आठव्या दिवसापासून वितरकाचा एक्स्क्लुझिव्ह हक्क संपेल. बाकी करार चालू राहील आणि उत्पादक त्या एरियात स्वतः किंवा इतरांमार्फत विकू शकेल."

हे आकड्यांत करून बघू. एकतीस मार्चला हिशेब झाला. गेलेला माल ६१० नग. त्यातल्या ९० नगांची उधारीची मुदत उलटली आहे, पैसे आलेले नाहीत. मोजायचे नग झाले ५२०. टार्गेट ८०० होतं, पण मार्चमध्ये कारखान्याने ६० नग वेळेत दिले नव्हते, म्हणून टार्गेट ७४०. त्याचे ७५ टक्के म्हणजे ५५५. डिस्ट्रिब्युटर ३५ नगांनी खाली आहे. एक एप्रिलला ईमेल गेला. त्याने सात दिवसांत ९० नगांचे ५ लाख ४० हजार आणि त्यावरचा जीएसटी भरला, तर मोजणी पुन्हा ६१० वर जाते आणि हक्क टिकतो. त्याने फक्त २० नगांचे पैसे दिले तर मोजणी ५४० होते, रेषेच्या खालीच राहते, आणि नऊ एप्रिलला अकोल्याच्या जुन्या डीलरला थेट माल पाठवायला भागीदार मोकळे होतात. डिस्ट्रिब्युटरही त्याच वेळी माल घेत राहू शकतो. संबंध तुटत नाहीत, सीझन वाचतो.

एक धोका इथे सांगितलाच पाहिजे. टप्पा चुकला आणि तुम्ही ओळखीपायी गप्प राहिलात, दुसऱ्या वर्षीही गप्प राहिलात, की तिसऱ्या वर्षी तो म्हणेल की ही अट तुम्हीच सोडून दिली होती. सवलत द्यायची असेल तर द्या, पण दर वेळी लिहून: "या टप्प्यापुरती सूट देत आहोत, पुढच्या टप्प्यांना करार जसाच्या तसा लागू राहील." करारातही तशी एक ओळ असू द्या.

एरिया: कोणतं वचन द्यायचं

एरिया लिहिताना "विदर्भ" किंवा "पश्चिम विदर्भ" असे बोलीतले शब्द नकोत, जिल्ह्यांची नावं लिहा. पण नकाशापेक्षा अवघड भाग वेगळाच आहे. डिस्ट्रिब्युटरच्या मसुद्यात हमखास एक वाक्य असतं: "सदर क्षेत्रात उत्पादकाचा माल अन्य कोणाकडूनही विकला जाणार नाही याची उत्पादक खात्री देईल." हे वचन कोणीच पाळू शकत नाही. वरूडचा दुकानदार लग्नाच्या खरेदीला नागपूरला येतो आणि जाताना इथल्या डीलरकडून दहा कूलर टेम्पोत टाकून नेतो. मलकापूरच्या दुकानात जळगावहून माल येतो. यातलं काहीही तुम्ही केलेलं नाही, पण त्या वाक्यामुळे करार तुम्ही मोडला असं होतं, आणि टार्गेट चुकलेल्या डिस्ट्रिब्युटरला आयती सबब मिळते.

वचन फक्त स्वतःच्या वागण्याचं द्या: या पाच जिल्ह्यांत आम्ही दुसरा डिस्ट्रिब्युटर नेमणार नाही आणि तिथल्या डीलरांना थेट माल देणार नाही. बाहेरून माल येतो अशी तक्रार आली आणि सीरियल नंबर दिला, तर तो कोणाला विकला होता ते शोधून त्याला समज देऊ. एवढंच. त्यासाठी प्रत्येक कूलरवर नंबर आणि बिलावर तोच नंबर हवा.

मग जे तुम्ही स्वतःकडे ठेवताय ते नावानिशी लिहा. ऑनलाइन विक्री, सरकारी पोर्टलवरची खरेदी आणि टेंडर, शाळा-वसतिगृहांच्या मोठ्या ऑर्डरी, दुसऱ्या कंपनीच्या ब्रँडखाली बनवून दिलेला माल, आणि पॅड-पंपासारखे सुटे भाग. लिहिलं नाही तर हे सगळं डिस्ट्रिब्युटरच्या वाट्याला गेलं असं धरलं जाईल, आणि पुसदच्या एखाद्या वसतिगृहाची दोनशे कूलरची ऑर्डर तुम्हाला त्याच्यामार्फतच घ्यावी लागेल. "उत्पादकाची सध्याची व भविष्यातील सर्व उत्पादने" हे शब्दही खोडा. आज कूलर आहेत, उद्या तुम्ही पिठाच्या गिरणीची बॉडी बनवायला घ्याल. मॉडेलची यादी परिशिष्टात जोडा.

डिस्ट्रिब्युटरने करार चालू असताना दुसऱ्याचे कूलर विकू नयेत अशी अट घालता येते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने करारकाळातलं असं बंधन व्यापारबंदी मानलं नाही. करार संपल्यानंतरचं बंधन मात्र करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही, त्यावर भिस्त ठेवून किंमत कमी करू नका.

करार संपवणं

पाच वर्षांचा करार आणि मधे संपवायची सोय नाही, ही छोट्या कारखान्यासाठी सगळ्यात वाईट जुळणी. मधेच तोडला तर समोरचा उरलेल्या वर्षांचा नफा मागेल. माझा आग्रह एका सीझनच्या कराराचा असतो. टार्गेट पुरं झालं तर दोघांच्या सहीने पुढचं वर्ष. "आपोआप नूतनीकरण" नको, कारण ते थांबवायची नोटीस द्यायची तारीख लक्षात राहत नाही.

त्याशिवाय कारण न देता ठरावीक मुदतीच्या नोटिशीने करार संपवण्याचा हक्क दोघांनाही असू द्या. याचं मोल मोठं आहे. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात डिस्ट्रिब्युटरशिपचा करार तीस दिवसांच्या नोटिशीने संपवता येण्यासारखा होता. तो चुकीच्या पद्धतीने संपवला गेला, तरी सर्वोच्च न्यायालयाने डिस्ट्रिब्युटरशिप परत द्यायला नकार दिला. भरपाई त्या तीस दिवसांच्या कमाईपुरतीच योग्य ठरली. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १४ हेच सांगतं की मुळातच संपवता येण्याजोगा करार कोर्ट जबरदस्तीने चालू ठेवत नाही. म्हणजे नोटिशीची मुदत किती लिहिता, त्यावर तुमच्या अंगावर येऊ शकणाऱ्या भरपाईचा अंदाज बांधता येतो.

साठ दिवस पुरेत. पण नोटिशीची मुदत एक जुलै ते तीस सप्टेंबर याच दरम्यान संपेल, ही अट घाला. फेब्रुवारीत डिस्ट्रिब्युटर सोडून गेला तर नुकसान तुमचंही तितकंच आहे. थकबाकी, खोटा माल किंवा ब्रँडचा गैरवापर यांसाठी मात्र पंधरा दिवसांची वेगळी नोटीस हवी, ती कधीही देता येईल अशी.

उरलेल्या मालाचं कलम घाईत लिहू नका. डिस्ट्रिब्युटरला हवं असतं की तुम्ही सगळा माल परत घ्याच. तुम्ही "परत घेण्याचा हक्क उत्पादकाचा राहील" असं लिहा: न उघडलेली खोकी, बिलाचा भाव, वाहतूक त्याची, करार संपल्यापासून तीस दिवसांत. हक्क वापरायचा की नाही हे तुम्ही ठरवाल. भंगारभावात तो बाजारात तुमचेच कूलर ओतणार असेल तर घ्या, नाहीतर त्याला साठ दिवस विकू द्या. जीएसटीचं एक गणितही इथे आहे. मार्च २०२६ मध्ये विकलेला माल परत आला, तर कर कमी करून घेणारी क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्याहून लवकर. करार सप्टेंबरअखेर संपत असेल तर तीस दिवसांची मुदत यात बसते, नव्वद दिवसांची बसत नाही.

बाकीची थकबाकी वसूल करायला उद्यम नोंदणी कामाला येते, पण ती माल पाठवण्याआधीच झालेली हवी. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रार अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे नेता येते. म्हणून उधारी साठ किंवा नव्वद दिवसांची लिहून हा हक्क स्वतःच गुंतागुंतीचा करू नका.

वाद झाला तर लवाद नागपुरात बसेल हे लिहा. लवाद मात्र दोघांच्या संमतीने नेमला जाईल असं ठेवा, कारण एकाच बाजूने नेमलेला एकटा लवाद कोर्टात टिकत नाही. आणि नोटिशीसाठी दोन्ही बाजूंचे ईमेल आणि पत्ते करारातच घाला. एक एप्रिलचा तो ईमेल पोचला की नाही, यावरच नऊ एप्रिलची गाडी अकोल्याला जाणार की नाही हे ठरतं.